तिसरं दृश्य : एसआयपीचा व्हिडिओ लिहिताना

(निफाड येथे प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत आर्थिक साक्षरतेचं काम करणाऱ्या ताईंनी केलेलं भाषण. ज्या ग्रामसंघांना आपल्या गावासाठी मोबाईलवर व्हिडिओ करायचा आहे, त्यांच्या मागणीवरून इथे देत आहोत.)



मागच्या बैठकीत तुमच्यापैकी चार-पाच जणींनी मला एकच गोष्ट विचारली. गावात बायका एसआयपीबद्दल विचारतात, मोबाईलवर रोज काहीतरी येतं, तेव्हा आपणच आपल्या भाषेत दीड मिनिटाचा एक व्हिडिओ करू का? जरूर करू. पण व्हिडिओ काढण्याआधी तो कागदावर लिहावा लागतो, आणि तो कसा लिहायचा हे मी चुकून शिकले आहे. म्हणून आधी माझी चूक सांगते.

२०१८ साली मी असाच एक व्हिडिओ केला होता. त्यात मी हसऱ्या चेहऱ्याने म्हटलं होतं, "दर महिन्याला फक्त ५०० रुपये टाका, वीस वर्षांत पाच लाख होतील." हिशेब खोटा नव्हता. दरवर्षी बारा टक्के वाढ धरली की १ लाख २० हजारांचे सुमारे पाच लाख होतात. पण ते 'धरली की' मी बोललेच नव्हते. शेवटी जोखमीचं एक वाक्य होतं. ते मी एका श्वासात, भराभरा म्हणून टाकलं होतं.

आपल्याच तालुक्यातल्या एका ताईने तो व्हिडिओ पाहिला आणि ऑक्टोबर २०१८ पासून महिन्याला १,००० रुपये सुरू केले. हे पैसे तिने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी बाजूला काढलेले होते. मार्च २०२० उजाडला. बागेत द्राक्ष तयार, खुडा चालू, आणि टाळेबंदी लागली. व्यापारी गाडी पाठवेना. मजुरांचे पैसे द्यायचे, औषधाच्या दुकानाची उधारी द्यायची. तिने एसआयपीतले पैसे काढायचं ठरवलं. अठरा महिन्यांत १८,००० टाकले होते, हातात आले साडेतेरा हजारांच्या आसपास. ती मला एवढंच म्हणाली, "ताई, तुमच्या व्हिडिओत हे नव्हतं."

खरंच नव्हतं. म्हणून आज मी तुम्हाला जो व्हिडिओ लिहून दाखवणार आहे, त्यात हे मधोमध आहे. पाच दृश्यं आहेत, आणि सगळ्यात मोठं दृश्य तिसरं आहे. तिसऱ्या दृश्यात पैसे कमी होतात.

आधी आपल्याला कळलं पाहिजे

लिहिण्याआधी दोन गोष्टी आपल्या डोक्यात पक्क्या हव्यात. नाहीतर लिहिताना जीभ घसरते.

पहिली गोष्ट, एसआयपी ही योजना नाही. ती पैसे टाकायची पद्धत आहे. आपण गटात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला शंभर-दोनशे भरतो, तसे ठरलेल्या तारखेला बँक खात्यातून पैसे म्युच्युअल फंडात जातात. म्हणून "एसआयपी सुरक्षित आहे का?" या प्रश्नाला उत्तरच नाही. पैसे कुठल्या फंडात जातात, त्यावर ते अवलंबून. प्रत्येक फंडाच्या कागदावर जोखीम दाखवणारं घड्याळासारखं एक चित्र छापलेलं असतं. त्याला रिस्कोमीटर म्हणतात. त्यावर सहा पायऱ्या असतात. सगळ्यात खालची कमी जोखमीची, सगळ्यात वरची अतिशय जास्त जोखमीची. शेअर घेणारे फंड बहुतेक वेळा वरच्याच पायरीवर असतात. आपण आज त्यांच्याबद्दलच बोलतोय, कारण जाहिराती त्यांच्याच जास्त येतात.

दुसरी गोष्ट, फंडात पैसे टाकले की आपल्याला युनिट मिळतात. हजारो लोकांचे पैसे एकत्र करून फंड अनेक कंपन्यांचे शेअर घेतो. त्या सगळ्याचे सारखे वाटे केले की एक वाटा म्हणजे एक युनिट. शेअरचे भाव वरखाली होतात, म्हणून युनिटचा भावही वरखाली होतो. तो बाजार चालू असलेल्या प्रत्येक दिवशी जाहीर होतो. फंड चालवणाऱ्यांचा खर्च आणि फी आपल्याच पैशांतून वजा होते, नफा होवो की तोटा.

आता निफाडच्या बाईला भाव म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. लासलगावचं मार्केट आपल्या तालुक्यात आहे. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली. आदल्या दिवशी ट्रॉली नेली त्याला एक भाव, नंतर नेली त्याला दुसरा. माल तोच, मेहनत तीच. बाजाराची जोखीम म्हणजे हेच: आपल्या हातात नसलेल्या कारणाने भाव पडतो, आणि तो आपण विकायला जातो त्याच दिवशी पडू शकतो.

पण कांद्याचं उदाहरण एका जागी थांबवायचं. कांदा चाळीत सडतो, त्याला फार थांबता येत नाही. युनिट सडत नाही, थांबता येतं. मात्र थांबलं की भाव चढेलच, असं कांद्यातही नाही आणि युनिटमध्येही नाही.

सहा चिठ्ठ्यांचा हिशेब

एसआयपीचे व्हिडिओ करणारे एक गोष्ट आवडीने सांगतात. भाव पडला की जास्त युनिट मिळतात, म्हणून एसआयपीत घाबरायचं कारण नाही. यातलं पहिलं अर्धं खरं आहे. दुसरं अर्धं कुठे फसतं ते पाहू. गटाच्या बैठकीत हा खेळ करून बघा, सहा चिठ्ठ्या लागतात.

चिठ्ठ्यांवर युनिटचे भाव लिहा : ५०, ४०, २५, २५, ४०, ५०. दर महिन्याला एक चिठ्ठी उघडायची आणि ५०० रुपयांत किती युनिट आले ते फळ्यावर मांडायचं. पन्नासच्या भावाने १० युनिट. चाळीसच्या भावाने साडेबारा. पंचवीसच्या भावाने २०, पुन्हा २०. मग साडेबारा, मग १०. सहा महिन्यांत टाकले ३,००० रुपये, मिळाले ८५ युनिट. शेवटचा भाव ५०, म्हणजे किंमत झाली ४,२५० रुपये. बायका खूश होतात.

आता त्याच सहा चिठ्ठ्या वेगळ्या क्रमाने लावा : ५०, ५०, ४०, ४०, २५, २५. पुन्हा मांडा. दहा, दहा, साडेबारा, साडेबारा, वीस, वीस. पुन्हा बरोबर ८५ युनिट. टाकलेले पैसे तेच ३,०००. पण शेवटचा भाव २५. किंमत झाली २,१२५ रुपये. पहिल्याच्या बरोबर निम्मी, आणि टाकलेल्या पैशांपेक्षा ८७५ ने कमी.

चिठ्ठ्या त्याच, रुपये तेच, युनिट तेच. फरक फक्त शेवटच्या भावाचा. एसआयपीमुळे तुम्ही सगळे पैसे एकाच महागड्या दिवशी टाकत नाही, हा तिचा खरा फायदा. आणि महिन्याला बाजूला काढायची सवय लागते, हा दुसरा. पण ज्या दिवशी तुम्ही पैसे काढता, त्या दिवसाचा भाव एसआयपी ठरवत नाही. माझ्या त्या ताईच्या वाट्याला शेवटची चिठ्ठी पंचवीसची आली होती.

पहिल्या क्रमातही चौथ्या महिन्याला थांबून बघा. २,००० टाकलेत, साडेबासष्ट युनिट आहेत, भाव २५. किंमत १,५६२ रुपये ५० पैसे. बहुतेक बायका इथेच घाबरतात, एसआयपी बंद करतात आणि पैसे काढतात. व्हिडिओत हा चौथा महिना दाखवला नाही, तर तो आला की बाईला वाटतं आपण फसलो. दाखवला असेल, तर तिला आठवतं की हे सांगितलेलं होतं. म्हणून तिसऱ्या दृश्यात मी याच महिन्याचा आकडा घेतला.

खरा बाजार किती थांबायला लावतो

चिठ्ठ्या झाल्या खेळातल्या. खऱ्या बाजारात काय झालं? सेन्सेक्स म्हणजे मुंबईच्या शेअर बाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांच्या भावांचा निर्देशांक. १४ जानेवारी २०२० ला तो ४१,९५२ वर होता. २३ मार्चला, म्हणजे सव्वादोन महिन्यांत, तो २५,९८१ वर आला. शंभराचे बासष्ट झाले. नोव्हेंबरमध्ये तो पुन्हा जुन्या उंचीच्या वर गेला. दहा महिने लागले.

त्याआधी २००८ मध्ये याहून वाईट झालं होतं. जानेवारी २००८ मध्ये २०,८७३ वर असलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,१६० वर आला. शंभराचे चाळीसही राहिले नाहीत. तो जुन्या उंचीच्या वर बंद झाला नोव्हेंबर २०१० मध्ये. पावणेतीन वर्षांहून जास्त.

म्हणजे थांबलं की येतंच ना, असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडे या दोन वेळा आलं. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये जिथे होता, तिथे परत पोचायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. चौतीस वर्षं. म्हणून व्हिडिओत "थांबा, नक्की वाढेल" असं वाक्य लिहायचं नाही. "आधी असं झालं आहे, पुढे होईलच असं नाही" एवढंच आपण म्हणू शकतो.

आणि २०२० ने आपल्याला आणखी एक शिकवलं. वाईट दिवस एकटे येत नाहीत. बागेतली द्राक्षं विकली जात नव्हती, त्याच आठवड्यात बाजारही पडलेला होता. घरात पैशाची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच युनिटचा भाव सगळ्यात कमी. म्हणून अडीनडीचे पैसे गटात आणि बँकेत हवेत, फंडात नकोत. हे चौथ्या दृश्यात येतं.

आता लिहू

आपल्या बाईला मोबाईलवर बोललेलं समजायला मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांपेक्षा जास्त वेग चालत नाही. म्हणजे दीड मिनिटाला दीडशे ते एकशे सत्त्याऐंशी शब्द. आधी शब्द मोजा, मग चित्रीकरण करा. नाहीतर शेवटी वेळ कमी पडतो आणि जोखमीचं वाक्यच पळवावं लागतं. माझं तसंच झालं होतं. हा घ्या मसुदा.

पहिलं दृश्य, १५ सेकंद. ओट्यावर बसलेली ताई, हातात बँकेचं पासबुक.
"मी दर महिन्याला ५०० रुपये एसआयपीत टाकते. एसआयपी ही काही योजना नाही. ठरलेल्या तारखेला थोडे थोडे पैसे म्युच्युअल फंडात टाकायची ती पद्धत आहे. गटात भरतो तसं."

दुसरं दृश्य, २० सेकंद. फळ्यावर ५० आणि २५ हे आकडे, खाली दहा आणि वीस रेघा.
"फंड या पैशांतून कंपन्यांचे शेअर घेतो. मला युनिट मिळतात. युनिटचा भाव बदलत राहतो. भाव ५० असेल तर ५०० रुपयांत १० युनिट येतात. भाव २५ झाला तर २० येतात."

तिसरं दृश्य, २५ सेकंद. ताई फळ्यावर २,००० लिहिते, त्याखाली १,५६२ लिहिते आणि कॅमेऱ्याकडे बघते. संगीत बंद.
"आता नीट ऐका. हे पैसे कमी होऊ शकतात. चार महिन्यांत २,००० टाकले आणि किंमत १,५६२ झाली, असं होऊ शकतं. त्याहूनही कमी होऊ शकते. भाव परत कधी चढेल, चढेल की नाही, हे कोणीही सांगू शकत नाही. ही बँकेची ठेव नाही. याला हमी नाही."

चौथं दृश्य, २० सेकंद. तीन डबे : 'अडीनडी', 'ठरलेला खर्च', 'लांबचे पैसे'.
"म्हणून दवाखान्याचे, फीचे, खताचे पैसे यात टाकू नका. आधी गटाची बचत आणि हाताशी पैसे. पाच-सात वर्षं लागणार नाहीत तेवढेच इथे टाका. आणि गरजेच्या दोन-तीन वर्षं आधीपासून थोडे थोडे काढून बँकेत ठेवा."

पाचवं दृश्य, १० सेकंद. पडद्यावर फक्त अक्षरं, मोठी, आणि तोच मजकूर सावकाश वाचणारा आवाज.
"म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमीच्या अधीन आहे. योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा."

संपलं. आता काही ठिकाणी मी असंच का लिहिलं ते सांगते.

"बँकेची ठेव नाही" हे वाक्य मला एका काकूंमुळे सुचलं. त्यांनी बँकेत जाऊन, बँकेच्याच माणसाकडून फॉर्म भरला होता. त्यांना वाटलं, बँकेत केलं म्हणजे बँकेचंच. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. म्युच्युअल फंडाला ते नसतं, मग तो बँकेच्या खिडकीवर घेतला तरी नसतं.

पाचव्या दृश्यातला इशारा तुम्ही टीव्हीवर ऐकलेला आहे. म्युच्युअल फंडांच्या जाहिरातीत तो द्यावाच लागतो. पूर्वी तो इतका भराभर वाचत की कानाला नुसता गुणगुणाट लागायचा. म्हणून बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २००८ मध्ये नियम केला की तो पडद्यावर निदान पाच सेकंद ठसठशीत दिसला पाहिजे आणि आवाजातही आला पाहिजे. इंग्रजीत ते चौदा शब्द आहेत. पाच सेकंदांत चौदा शब्द म्हणजेसुद्धा आपल्याला घाईच. आपला व्हिडिओ जाहिरात नाही, समजावून सांगण्यासाठी आहे. तरी आपण इशारा ठेवू आणि त्याला दहा सेकंद देऊ. पण लक्षात घ्या, 'जोखमीच्या अधीन' ही कागदावरची भाषा आहे. बाईला समजणारा इशारा तिसऱ्या दृश्यात आहे : 'हे पैसे कमी होऊ शकतात.' पाच शब्द. नुसतं पाचवं दृश्य ठेवून तिसरं गाळलं, तर नियम पाळल्यासारखं दिसेल, पण सांगितलेलं काहीच नसेल.

संगीत बंद ठेवा असं लिहिलंय, तेही मुद्दाम. माझ्या जुन्या व्हिडिओत जोखमीच्या वाक्यामागेही सनई वाजत होती. तोंड काही म्हणतं आणि सूर काही म्हणतो, तेव्हा माणूस सुराचं ऐकतो.

काय लिहायचं नाही

कुठल्याही फंडाचं नाव घ्यायचं नाही. अमुक फंड चांगला, तमुक घ्या, हे सांगायला सेबीकडे नोंदणी लागते. विकणाऱ्याकडेही एआरएन नावाचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. आपल्याकडे तो नाही. आपण पद्धत समजावतो, माल विकत नाही. कोणी म्हणालं की "व्हिडिओच्या शेवटी माझा नंबर टाका, तुमच्या संघाला काहीतरी देतो," तर तो नंबर टाकायचा नाही. तसा टाकला की तो व्हिडिओ आपला राहत नाही.

वीस वर्षांनंतरचा मोठा आकडा दाखवायचा नाही. बाई बाकी सगळं विसरते आणि तो आकडा धरून ठेवते. पाच लाख म्हटलं की तिच्यासाठी ते कबूल केलेले पाच लाख. "थोडी जोखीम", "जोखीम नसल्यासारखीच", "एफडीपेक्षा भारी" हे शब्द दिसले की खोडायचे.

एक गोष्ट मात्र व्हिडिओत मावली नाही, ती बैठकीत तोंडी सांगा. ठरलेल्या तारखेला खात्यात पैसे नसतील तर हप्ता परत जातो. फंड दंड लावत नाही, पण बँक शुल्क कापू शकते. लागोपाठ तीन महिने हप्ता गेला नाही तर एसआयपी बंद होते. आधीचे युनिट मात्र कुठे जात नाहीत. आपलं उत्पन्न हंगामी आहे, द्राक्ष आणि कांद्याचे पैसे दर महिन्याला येत नाहीत. म्हणून हप्ता ठरवताना सगळ्यात कोरड्या महिन्यात जे जमेल तेवढंच लिहायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टेट बँकेच्या फंडाने २५० रुपयांची एसआयपी आणली. लहान हप्ता चालतो, पण लहान हप्त्यालाही जोखीम तेवढ्याच टक्क्यांची असते. आणि पैसे कधीही कोणाच्या हातात रोख किंवा कोणाच्या स्वतःच्या खात्यात द्यायचे नाहीत. ते फंडाच्याच नावाने जातात.

व्हिडिओ बरोबर झाला हे कसं ओळखायचं

व्हिडिओ गावभर पाठवण्याआधी तीन जणींना दाखवा. एक अशी, जिला आकड्यांची भीती वाटते. एक अशी, जिला घाईने पैसे वाढवायचे आहेत. आणि एक घरातली मोठी बाई. दाखवून झाला की मोबाईल बंद करा आणि तीन प्रश्न विचारा. यात टाकलेले पैसे कमी होऊ शकतात का? मुलीच्या पुढच्या वर्षीच्या फीचे पैसे यात टाकशील का? नक्की किती मिळतील, असं व्हिडिओत सांगितलं का?

उत्तरं हवीत : हो, नाही, नाही. एकीचंही उत्तर चुकलं तर तिला समजलं नाही असं म्हणायचं नाही. आपल्याला लिहिता आलं नाही असं म्हणायचं, आणि ते दृश्य पुन्हा लिहायचं. या मसुद्याचं चौथं दृश्य मी तीनदा बदललं. आधी मी 'दीर्घकालीन गुंतवणूक' असं लिहिलं होतं. एका वहिनीला विचारलं दीर्घकालीन म्हणजे किती, तर म्हणाली, "दिवाळीपर्यंत?" मग 'पाच-सात वर्षं' असं लिहिलं. एका मावशीने पूर्ण व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे कांद्यासारखंच की! फक्त चाळ आपली नाही." मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

जाता जाता एक. तिसऱ्या दृश्यातला आवाज कोणाचा घ्यावा, यावर मी बराच विचार केला आणि शेवटी त्याच ताईकडे गेले. मुलगी आता नर्सिंग पूर्ण करून नोकरीला लागली आहे. फीचे पैसे तेव्हा गटाच्या कर्जातून भरले होते. ताईने २०२२ मध्ये पुन्हा एसआयपी सुरू केली, ५०० ची, आणि या वेळी फीचे किंवा बागेचे पैसे त्यात नाहीत. मी तिला माझी ओळ वाचून दाखवली : "बाजारातील चढउतारामुळे मूल्य कमी होण्याची शक्यता असते." तिने कागद घेतला, ती ओळ खोडली आणि म्हणाली, "सरळ सांगा ना ताई. हे पैसे कमी होऊ शकतात."

तीच ओळ तुम्ही मघाशी ऐकली. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक ग्रामसंघाने आपला मसुदा कागदावर आणा, शब्द मोजून, आणि सोबत तिघींची उत्तरंही लिहून आणा. चित्रीकरण त्यानंतर.